हॉलसाठी टीव्ही: ५५ घ्यावा की ६५, आणि पॅनल कोणतं?

मानेवाडा_मुक्काम · शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आमचा जुना ३२ इंची टीव्ही आता निवृत्त करायचा आहे. दुकानात गेलो तर विक्रेता सरळ ६५ च्या पुढे नेऊन उभा करतो, घरी बाबा म्हणतात ४३ पुष्कळ झाला, आणि बायकोचं मत ५५.

हॉल असा आहे: रुंदी ११ फूट, लांबी १७ फूट. टीव्ही लांब भिंतीवर, दक्षिणेकडे. समोरच्या भिंतीला लागून सोफा. पूर्वेच्या भिंतीला दिवाण, तो बाबांचा. पश्चिमेला बाल्कनीचं काचेचं दार, ते सोफ्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात. त्याच्या शेजारच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर लागतो. टीव्हीचा मध्य पूर्वेच्या भिंतीपासून साधारण ६ फुटांवर येईल, कारण उरलेल्या भागात डायनिंग टेबल आहे.

दिवसभर आईबाबांच्या बातम्या आणि मालिका, संध्याकाळी क्रिकेट, रात्री सगळे झोपले की मी दिवे मालवून सिनेमे बघतो. किती इंची घ्यावा? आणि हे आयपीएस, व्हीए, क्यूएलईडी, ओएलईडी काय प्रकरण आहे? बजेट मध्यम. अगदीच गरज असेल तर थोडं ताणता येईल.

---

सावजी_रस्सा · ९:५८

भाऊ, ११ फुटाच्या हॉलमध्ये ६५ काऊन पाहिजे? डोळे जातील ना घरच्यांचे! आमच्याकडे जुना हिशोब आहे, टीव्ही जेवढा इंच त्याच्या तिप्पट लांब बसायचं. तुमच्या हॉलमध्ये ४० च्या वर जाऊच नका. दुकानदार तर मोठाच गळ्यात मारून राहिले सगळीकडे.

---

रातराणी · १०:१५

बेडरूमसाठी असेल तर ४३ पुरे. आम्ही पलंगासमोर ५० लावला, झोपून बघताना मान वर करून करून दुखायला लागली. भिंतीवर फार उंच लावू नका.

---

मानेवाडा_मुक्काम · १०:२१

ताई, हॉलसाठीच विचारलंय. पण उंचीचा मुद्दा लिहून ठेवतो.

---

पिक्सेलकाका · ११:०५

मानेवाडाभाऊ, हॉलची रुंदी ११ फूट म्हणजे बघण्याचं अंतर ११ फूट नव्हे. हिशोब डोळ्यापासून पडद्यापर्यंतचा असतो. सोफा भिंतीला टेकलेला असला तरी त्याची पाठ, मग तुमची पाठ, असं करत डोळे भिंतीपासून दीड फूट पुढे येतात. टीव्ही ब्रॅकेटसकट अर्धा फूट पुढे धरा. म्हणजे तुमचं खरं अंतर ९ फूट, अर्थात १०८ इंच.

आता सावजीभाऊंचा तिपटीचा नियम. तो खोटा नाही, जुना आहे. डब्बा टीव्हीच्या काळातलं चित्र ५७६ ओळींचं. जवळ बसलं की ओळी दिसायच्या, म्हणून लांब बसायचं. आज पडद्यावर २१६० ओळी आहेत, ती अडचण गेली. आता प्रश्न उलटा विचारायचा: चित्रानं नजरेचा किती भाग व्यापावा? सिनेमासाठी साधारण ३० अंश रुंदी सुखाची धरतात. ते गणित सोपं आहे, अंतराला १.६ ने भागा. १०८ भागिले १.६ म्हणजे ६७. म्हणजे सोफ्यावरून तुम्हाला ६५ बरोबर बसतो. ५५ घेतला तर २५ अंश भरतात, तेही वाईट नाही, बातम्या आणि मालिकांना आरामाचं आहे. ४३ ला २० अंशही भरत नाहीत; क्रिकेटचा स्कोअर वाचायला पुढे सरकावं लागेल.

डोळे जाण्याचं म्हणाल तर मोठ्या पडद्यानं डोळे खराब होत नाहीत. टक लावून बघताना पापणी कमी लवते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. काळोख्या खोलीत झगझगीत पडदा असला की शीण जास्त. तो आकाराचा दोष नाही.

---

सावजी_रस्सा · ११:२०

काका, माझ्या साळ्यानं ५५ घेतला. फ्री डिश लावलं तर चेहरे असे पसरट, धुरकट. मंग हे काय? नियम जुना म्हणता, पण चित्र तर खराबच दिसून राहिलं ना!

---

पिक्सेलकाका · ११:४४

हे मात्र बरोबर पकडलं तुम्ही. फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल अजून एसडीच आहेत, म्हणजे तीच ५७६ ओळींची गोष्ट. ६५ इंची पडद्याची उंची ८१ सेंटिमीटर, त्यात ५७६ ओळी पसरल्या की एकेक ओळ जवळजवळ दीड मिलिमीटर जाडीची होते. ९ फुटांवरून निरोगी डोळ्याला ती सहज जाणवते. फुल एचडी चित्र असेल तर ओळ पाऊण मिलिमीटरची, ती ९ फुटांवरून जेमतेम नजरेत येते किंवा येतच नाही.

म्हणून आधी बाबा काय बघतात ते तपासा. केबल किंवा डिशचा पॅक एसडी असेल तर तेच चॅनल एचडीत मिळतात का ते पाहा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 1080 वर आहे ना, तेही बघा. अनेक घरांत पैसे एचडी पॅकचे भरतात आणि बॉक्स टीव्हीला जुन्या तीन रंगांच्या वायरनं जोडलेला असतो. एचडीएमआय वायर लावा. एवढं करूनही एसडीच बघायचं असेल तर ५५ च्या वर जाऊ नका, तिथे सावजीभाऊंचा मुद्दा जिंकतो.

दुसरी बाजूही सांगतो. ९ फुटांवर ६५ इंचाला फुल एचडी आणि फोर-के यातला ओळींचा फरक फार थोड्यांना कळेल. आठ-के वगैरे कोणी दाखवलं तर पुढे चला.

---

धरमपेठकर_ताई · १२:३०

आमचा अनुभव सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी हौसेनं ओएलईडी घेतला. रात्री सिनेमा लावला की काळा रंग म्हणजे काळाच, कोपऱ्यातून बघितलं तरी रंग तसेच. पण सासूबाई सकाळपासून एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवतात. आता पांढरा पडदा आला की खाली पट्टी होती तिथे आणि वर लोगो होता तिथे पुसट सावली दिसते. सर्व्हिसवाला आला, त्यानं टीव्हीतला पिक्सेल ताजे करण्याचा प्रोग्रॅम चालवला, थोडं कमी झालं, गेलं नाही. वॉरंटीत हे बसत नाही म्हणाले.

---

पिक्सेलकाका · १२:५२

ताई, हेच सांगणार होतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. जो ठिपका रोज तासन्‌तास लाल पट्टी दाखवतो तो शेजाऱ्यांपेक्षा लवकर मंदावतो. नवे सेट याची बरीच काळजी घेतात, पण दिवसभर एकच न्यूज चॅनल हा त्यांच्यासाठी सर्वात कठीण पेपर. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत हा डाग येत नाही, घेण्याआधी तेवढं कलम वाचून घ्यावं.

---

हिंगण्याचा_हिशोबी · दुपारी १:१०

क्यूएलईडी घ्या ना मग, तेही ओएलईडीच आहे, फक्त दुसऱ्या कंपनीचं नाव.

---

पिक्सेलकाका · १:१८

नाही हो. नावात एका अक्षराचा फरक, पण क्यूएलईडी हा एलसीडीच. मागे दिवे, पुढे पडदा, मध्ये रंग खुलवणारा एक थर. रंग छान मिळतात, काळा रंग आतल्या पॅनलवर आणि मागच्या दिव्यांवर अवलंबून. त्यामुळे डब्यावर क्यूएलईडी लिहिलंय एवढ्यावरून आत व्हीए आहे की आयपीएस ते कळत नाही. खरी मेख तिथेच आहे.

मानेवाडाभाऊ, तुमच्या दिवाणाकडे येतो. माझ्या मते तुमचा निर्णय सोफ्यावर नाही, दिवाणावर ठरणार आहे. बाबा दिवाणावर भिंतीला टेकून बसतात ना? आणि दिवाणाचा मध्य टीव्हीच्या भिंतीपासून किती फुटांवर?

---

मानेवाडा_मुक्काम · १:४०

हो, भिंतीला टेकून. मध्य साधारण ५ फुटांवर. आता मोजून आलो.

---

पिक्सेलकाका · २:१५

मग बघा. टीव्हीचा मध्य पूर्वेच्या भिंतीपासून ६ फूट, बाबांचे डोळे भिंतीपासून दीड फूट पुढे, म्हणजे बाबा टीव्हीच्या मधल्या रेषेपासून साडेचार फूट बाजूला. टीव्ही अर्धा फूट पुढे आलेला, म्हणजे समोरचं अंतरही साडेचार फूट. दोन्ही सारखं, म्हणजे बाबा ४५ अंशांतून बघणार.

व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो. समोरून त्याचा कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट-चौपट भरतो. पण ४५ अंशांतून रंग धुऊन निघतात, चेहरे फिकट पडतात. आयपीएसचं उलट. बाजूनं रंग टिकतात, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. म्हणजे बाबांसाठी आयपीएस आणि तुमच्या रात्रीच्या सिनेमासाठी व्हीए. दोघांना एकाच वेळी सुखी करणारा ओएलईडी, त्याला बातम्यांची पट्टी आडवी येते.

आणखी एक. आरसा कसा काम करतो आठवा. सोफ्यावरच्या माणसाला पडद्यात स्वतःच्या मागची भिंत दिसते, तिथे ट्यूबलाइट असेल तर ती दिसेल. पण बाबा पूर्वेकडून ४५ अंशांत बघतात, म्हणजे त्यांना पडद्यात ४५ अंशांवरची पश्चिम बाजू दिसणार. तुमच्या मापांनी ती रेषा बरोबर सोफ्याकडच्या पश्चिम कोपऱ्यात जाते. बाल्कनीचं काचेचं दार तिथेच आहे. मे महिन्यात दुपारी चारला बाबांना मालिका कमी आणि बाल्कनी जास्त दिसेल. पॅनल कोणतंही असो, चकचकीत काच असली की हे होणारच. जास्त उजेडाचा महाग टीव्ही घेण्याआधी त्या दाराला जाड पडदा लावून बघा.

---

मानेवाडा_मुक्काम · २:३८

काका, कमाल आहे. आताच्या ३२ इंचीवरही बाबा दुपारी "दार लोटा रे" असं ओरडत असतात. आम्हाला वाटायचं ऊन लागतं म्हणून.

दिवाण पश्चिमेला हलवायची सूचना आत्ताच मांडून पाहिली. फेटाळली गेली. कूलरची हवा पश्चिमेच्या खिडकीतून सरळ दिवाणावर येते, बाबा तिथून हलणार नाहीत.

---

सावजी_रस्सा · २:५०

बाप्पा! नागपुरात मे महिन्यात कूलरसमोरून माणूस उठवणं म्हणजे गुन्हा आहे. टीव्ही फिरवा, बाबांना नका फिरवू. ते हातवालं स्टँड येते ना भिंतीचं, ओढून वळवता येते ते.

---

पिक्सेलकाका · ३:२०

सूचना चांगली आहे. १५ अंश वळवला तर बाबांचा कोन ४५ वरून ३० वर येतो, व्हीएचा फिकेपणा पुष्कळ कमी होतो. वळवल्यामुळे पडद्यात दिसणारी जागाही सरकते, दार आणखी बाजूला जाईल. पण सोफ्याच्या पश्चिम टोकाला बसणारा, जो आधी २४ अंशांत होता, तो ३९ अंशांत जातो. तिथे सहसा कोण बसतं?

आणि ६५ चा टीव्ही ५७ इंच रुंद. १५ अंश वळवला की एक कड सात-साडेसात इंच मागे जाते, तेव्हा हात किमान ८ इंच पुढे ओढता यायला हवा. टीव्ही भिंतीवर मोकळा लागणार आहे की शोकेसच्या कोनाड्यात?

---

मानेवाडा_मुक्काम · ४:०५

कोनाड्यात. तो मोजला, आतली रुंदी ५४ इंच.

पश्चिम टोकाला बायको बसते.

---

हिंगण्याचा_हिशोबी · ४:१२

मग ६५ चा विषयच संपला. ५५ ची रुंदी ४८ इंच, दोन्हीकडे तीन-तीन इंच मोकळे. घेऊन टाका. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३२ च्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, आता थांबण्यात अर्थ नाही.

---

पिक्सेलकाका · ४:४०

५५ कोनाड्यात बसतो, पण वळत नाही. वळवला की मागची कड फळीवर आदळणार. म्हणजे कोनाडा तसाच ठेवायचा असेल तर ५५ सरळ लावायचा, आणि तेव्हा बाबांसाठी आयपीएस घराण्यातलं पॅनल बरं. रात्री राखाडी काळा खटकू नये म्हणून टीव्हीच्या मागे भिंतीवर पडणारा मंद पांढरा दिवा लावा. भिंत थोडी उजळली की डोळ्याला पडद्यातला काळा जास्त काळा वाटतो. कॉन्ट्रास्ट वाढत नाही, पण फरक जाणवतो आणि डोळ्यांवरचा ताणही कमी होतो.

कोनाडा तोडायची तयारी असेल तर ६५ व्हीए, मागे भरपूर भागांत विभागलेले दिवे असलेला, ओढता येणाऱ्या हातावर. दिवसा बाबांकडे वळवायचा, रात्री सरळ. खर्च जास्त, पण तुमच्या रात्रीच्या सिनेमाला हा उजवा.

आणि कूलरचा झोत पडद्यामागून जाऊ देऊ नका. टीव्हीच्या पुस्तिकेत बहुधा ४० अंश तापमान आणि ८० टक्के दमट हवेपर्यंत चालवा असं लिहिलेलं असतं. कूलरमुळे तापमान आटोक्यात राहतं, पण दारं-खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला की दमटपणा चढतो. हवा बाहेर जायला एक वाट उघडी ठेवा. कोनाड्यात तर मागची गरम हवा वर निघायला जागा हवीच.

---

धरमपेठकर_ताई · ५:२५

पॅनल कोणतं ते दुकानात कसं ओळखायचं, काका? आम्ही विचारलं तर "मॅडम, एलईडी आहे" एवढंच उत्तर मिळतं.

---

पिक्सेलकाका · ५:५०

विचारू नका, बघा. पडद्यावर चेहरा असलेलं चित्र असताना समोरून चालत चालत ४५ अंशांपर्यंत बाजूला जा. गालांचा रंग उतरला, काळे केस करडे झाले तर व्हीए. रंग टिकले पण काळ्या भागावर पांढुरकी चमक आली तर आयपीएस. फोनचा कॅमेरा पडद्याच्या पांढऱ्या भागाजवळ नेऊन फोटो काढला तरी कळतं. व्हीएचे ठिपके बहुधा उभ्या सरळ कांड्यांसारखे, आयपीएसचे तिरके किंवा बाणाच्या टोकासारखे. बोटानं पडदा दाबून बघतात काही जण, ते करू नका.

दुकानात टीव्ही भडक मोडवर ठेवलेला असतो. तो घरगुती किंवा सिनेमा मोडवर करायला लावा आणि स्वतःचं चित्र पेन ड्राइव्हवर न्या. एक क्रिकेटचा तुकडा, एक रात्रीचा अंधारा प्रसंग. त्यांच्या फुलपाखरांच्या व्हिडिओवर कुठलाही टीव्ही सुंदरच दिसतो.

आणि एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ मध्ये पॅनल वेगळं असू शकतं. ५५ बघून ६५ ची ऑर्डर देऊ नका.

---

रातराणी · ६:१०

उंची किती ठेवायची ते कोणी सांगितलंच नाही.

---

पिक्सेलकाका · ६:२२

सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून ४० इंचांच्या आसपास असतात. पडद्याचा मध्य तिथे किंवा दोन-तीन इंच वर. ६५ ची उंची ३२ इंच, म्हणजे खालची कड २५ इंचांवर. लोक ती चार फुटांवर नेतात कारण खाली शोकेसमध्ये बाहुल्या ठेवायच्या असतात.

---

मानेवाडा_मुक्काम · रविवार, रात्री ९:३०

आज सकाळी घरी वर्तमानपत्रं चिकटवून ५७ बाय ३२ आणि ४८ बाय २७ इंचांचे दोन कागद केले, भिंतीवर लावले. सोफ्यावरून मोठा कागद अजिबात मोठा वाटला नाही. बाबा दिवाणावर बसून म्हणाले, "हा तर अंगावर येऊन राहिला." त्यांच्या जागेवरून पडद्याचं जवळचं टोक साडेपाच फुटांच्या आतच येतं, त्यामुळे त्यांचंही खोटं नाही.

मग सीताबर्डीला गेलो. काकांची बाजूला चालत जायची युक्ती केली, दुकानातला मुलगा बघतच राहिला. बायकोला ५५ मधला एक आयपीएसवाला आवडला, मला ६५ व्हीए. सिनेमातला अंधारा प्रसंग दोन्हींवर लावला तेव्हा ती पण गप्प झाली, पण लगेच म्हणाली, वळवल्यावर मला कसा दिसणार? तिथेच तिला ४० अंशांवर उभं केलं. फिकट दिसतोय म्हणाली.

घेतला नाही अजून. बाल्कनीच्या दाराला जाड पडदा मात्र आजच घेतला. सुताराला बोलावलं होतं, तो म्हणतो कोनाड्याची उजवी फळी काढली की ६५ आरामात बसेल आणि वळेलही, पण त्याच फळीमागून स्विचबोर्डाची वायर गेली आहे.

---

सावजी_रस्सा · ९:४१

इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा भाऊ, सुताराला मागून. अन् बाबांच्या चॅनलचं एचडीचं पाहिलं का?

---

मानेवाडा_मुक्काम · ९:५२

पाहिलं. पॅक एचडीचा निघाला आणि बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर. एचडीएमआय मागवली आहे. इलेक्ट्रिशियन बुधवारी येतोय.